सोसायटी ग्रुप: वायफाय स्लो चाललंय, काय करू

बी ४०२ (काकू): नमस्कार सगळ्यांना, आमच्या घरचं वायफाय फार स्लो चाललंय हो. मुलाचा क्लास सारखा अडकतो, ह्यांची मीटिंग पण. कोणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा

ए ३०३: काकू राउटर बंद करून चालू करा

बी १०१: आमच्याकडे पण असंच व्हायचं, कंपनी बदलली, आता मस्त चालतं

ए ५०४: रिपीटर घ्या, हजार-बाराशेला मिळतो, प्रत्येक खोलीत फुल टॉवर

बी ४०२ (काकू): बंद चालू करून बघितलं. कंपनी बदलायची म्हणजे ६ महिन्यांचे पैसे आधीच भरलेत 😞

सी ७०३: काकू एक मिनिट, काही विकत घेऊ नका आणि कंपनी पण बदलू नका अजून. माझं कामच नेटवर्कचं आहे म्हणून विचारतो. वायफाय स्लो एवढ्यावरून कोणालाच काही कळणार नाही, कारण इंटरनेट दोन टप्प्यांत येतं, बाहेरून फायबरने तुमच्या डब्यापर्यंत आणि डब्यापासून हवेतून मोबाइलपर्यंत. स्लो कुठला टप्पा आहे ते कळलं की निम्मं काम झालं. तर एवढं सांगा: प्लॅन किती एमबीपीएसचा, डबा कुठला आणि कुठे ठेवलाय, त्यावर काय काय जोडलेलं असतं, कुठल्या खोलीत कुठल्या वेळी अडकतं, आणि बंद चालू सोडून अजून काय करून पाहिलंत

बी ४०२ (काकू): प्लॅन १०० चा आहे. डबा कंपनीवाल्याने बसवून दिला तोच, हॉलमध्ये टीव्हीच्या मागे कपाटात. वेगळा राउटर नाही आमच्याकडे. मोबाइल ४, लॅपटॉप २, टीव्ही, आणि दाराचा कॅमेरा. अडकतं मागच्या बेडरूममध्ये, रात्री ८ नंतर जास्त. पासवर्ड बदलून पाहिला, कोणी चोरून वापरतंय का म्हणून, फरक नाही पडला

सी ७०३: हे फार उपयोगाचं सांगितलंत. डब्याचा फोटो टाकाल का, मागचं स्टिकर दिसेल असा? पासवर्ड आणि सिरियल नंबर झाकून टाका, ग्रुप मोठा आहे

बी ४०२ (काकू): 📷 फोटो

सी ७०३: ओके, हा सिंगल बँड आहे, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ५ चं नेटवर्क ह्यात नाहीच. लाल LOS दिवा बंद दिसतोय आणि PON हिरवा स्थिर आहे, म्हणजे फायबर तुटलेली नाही. पण हिरवा दिवा स्पीड सांगत नाही, तो मोजायलाच लागेल. रात्री ९ ला, अडकतं त्याच वेळी, मुलाला सांगा की लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला लावायचा, लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं, बाकी सगळ्यांनी मोबाइल बाजूला ठेवायचे आणि स्पीड टेस्ट करायची. मग केबल काढून वायफायवर तीच टेस्ट, एकदा डब्याजवळ, एकदा मागच्या बेडरूममध्ये. तिन्ही आकडे इथे टाका

ए ३०३: भाऊ मोबाइलवरच टेस्ट केली तर नाही का चालणार, केबल कशाला

सी ७०३: मोबाइलवर आकडा कमी आला तर दोष लाइनचा की हवेचा हे कळतच नाही रे. केबलवर हवा मधे नसते म्हणून तिथला आकडा लाइनचाच असतो. केबलवर पण रात्री १५-२० च आले तर लाइन किंवा कंपनीकडे गर्दी, मग तक्रार करायची आणि हा आकडा वेळेसकट सांगायचा, कस्टमर केअरला वायफाय स्लो म्हटलं की ते पण बंद चालू करा एवढंच सांगतात

बी ४०२ (काकू): मुलाने केलं. केबलवर ९४, डब्याजवळ ३४, मागच्या बेडरूममध्ये ५ 😮

सी ७०३: बघा काकू, १०० च्या प्लॅनवर केबलवर ९४ म्हणजे कंपनी पूर्ण देतेय, थोडंफार कमी दिसतंच. ती बदलली असती तरी ५ चे ५ च राहिले असते. (प्लॅन २०० चा असता आणि ९४ आले असते तर मी केबलवर संशय घेतला असता, ४ तारांची केबल किंवा जुना पोर्ट असला की १०० च्या वर जात नाही)

आता डब्याजवळ ३४ च का, तर २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात एक डबा आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. रात्री सगळे घरी म्हणून रात्री जास्त त्रास. आणि मागे ५ होतात ते दोन आरसीसी भिंती, टीव्ही आणि कपाट मधे आहे म्हणून

ए ५०४: म्हणजे मी म्हणालो तो रिपीटरच हवा ना?

सी ७०३: इथे नको दादा. साधा रिपीटर त्याच चॅनलवर आधी ऐकतो मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. आणि मागच्या खोलीत लावला तर त्याला मुळातच ५ मिळणार, टॉवर फुल दिसेल पण पुढे ५ पेक्षा जास्त कुठून देणार

काकू, आधी बिनपैशाचं करू. डबा कपाटाबाहेर काढून वर उघड्यावर ठेवा, फक्त पिवळी फायबर केबल घट्ट वाकवू नका, आत काचेची तार असते. टीव्ही शेजारीच आहे तर त्याला लॅन केबलने जोडा, रात्री टीव्हीच सगळ्यात जास्त ओढतो, तो हवेतून उतरला की बाकीच्यांना जागा. मग मुलाच्या मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर घेऊन बघा कुठला चॅनल मोकळा दिसतो, आणि ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून (तुमच्या डब्यावर वेगळा पत्ता छापला असेल तर तो) चॅनल ऑटोवरून तिथे आणा. विड्थ 20 MHz करा, ४० ठेवली की शेजाऱ्यांची गर्दी अजून अंगावर येते

बी ४०२ (काकू): केलं सगळं. ६ वर खूपच नावं होती, १ वर कमी, म्हणून १ ठेवला. डब्याजवळ ५१, मागे १४. क्लास आता चालतो पण ह्यांची मीटिंग आणि क्लास एकदम असले की अजून अडकतं

सी ७०३: ह्या डब्यावर एवढंच मिळेल. पुढे न्यायचं असेल तर एक साधा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा राउटर घ्या आणि हॉलमधून लॅन केबल ओढून मधल्या पॅसेजमध्ये, बेडरूमच्या दाराजवळ बसवा. केबल चांगली ८ तारांची घ्या. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल खूप आहेत आणि ते भिंतीतून फार लांब जात नाही, म्हणून शेजाऱ्यांचं पण आपल्याकडे कमी येतं. पण त्याच कारणाने तो हॉलमध्ये डब्याशेजारी ठेवून फायदा नाही. त्याच्या सेटिंगमध्ये मोड एपी, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवा, मग कॅमेरा, टीव्ही, मोबाइल सगळे एकाच नेटवर्कमध्ये राहतील. आणि घ्यायच्या आधी दोन्ही लॅपटॉप ५ पकडतात का ते बघा, जुना असेल तर तो २.४ वरच राहील

बी १०१: हे पॅसेजचं आमच्याकडे पण करून बघते, मागच्या खोलीत आमचं पण रडगाणंच आहे

बी ४०२ (काकू): बसवला रे पॅसेजमध्ये. रात्री ९ ला मागच्या बेडरूममध्ये ८६ 🙏 क्लास, मीटिंग दोन्ही एकदम चालले. पण माझा मोबाइल मधेच परत स्लो होतो, तेवढं काय ते सांग

सी ७०३: तो जुन्या डब्याला धरून बसत असेल काकू. दाराचा कॅमेरा आधी नवीन राउटरच्या २.४ वर जोडून घ्या, तो ५ पकडत नाही बहुतेक, आणि मग जुन्या डब्याचं वायफाय सेटिंगमधून बंद करून टाका, डबा मात्र चालू ठेवायचा