उत्तर: सहामाही कूपनच्या रोख्याचा वायटीएम

> दर्शनी मूल्य 1000, कूपन 8 टक्के सहामाही, मुदत 3 वर्षे, भाव 950. मी 80 ÷ 950 करून 8.42 टक्के काढले. बरोबर?

नाही, हा चालू परतावा झाला. वायटीएम म्हणजे रोखा मुदतअखेरपर्यंत ठेवल्यास मिळणारा वार्षिक परतावा. मुदतअखेर मिळणारे जादा 50 त्यात आलेच नाहीत.

वर्षे विसरा, सहामाह्या मोजा: 6 हप्ते, प्रत्येकी 40, शेवटच्यासोबत 1000. ज्या सहामाही दराने या सगळ्यांचे आजचे मूल्य 950 होते, तो दर हवा. तो थेट सुटत नाही, अंदाजाने गाठावा लागतो. पहिला अंदाज: 50 ची सवलत 6 हप्त्यांत वाटा आणि 950 व 1000 च्या सरासरीने भागा, म्हणजे (40 + 8.33) ÷ 975, सुमारे 4.96 टक्के. आता 5 टक्क्यांनी मूल्य 949.24 येते, म्हणजे दर किंचित जास्त झाला. 4.98 ने 950.23. मधला 4.985 जुळतो. दुप्पट केल्यावर वायटीएम 9.97 टक्के.

स्प्रेडशीटमध्ये पडताळा:

```
=RATE(6,40,-950,1000)*2
```

950 चे उणे चिन्ह विसरलात तर उत्तराऐवजी त्रुटी येईल.

वार्षिक चक्रवाढ परताव्याशी तुलना करायची असेल तर मात्र दुप्पट करू नका, 1.04985 चा वर्ग करून 1 वजा करा, 10.22 टक्के येतात. माझ्या मते गल्लत बहुतेक इथेच होते.