‘आधीची नोकरी का सोडली?’ साहेबांना नावं न ठेवता खरं सांगता येतं का?

बोअरगेज
चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत होतो. मार्चमध्ये साहेबांशी वाजलं. बुशच्या लॉटचा पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट होता, पाच नग मोजून बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाच्या मापाचे आकडे भरायचे. ते मोजायचा डायल बोअर गेज कॅलिब्रेशनला गेलेला आणि माल न्यायची गाडी गेटवर उभी. साहेब म्हणाले, मागच्या लॉटचे आकडे टाक आणि सही कर. मी केली नाही. चार लोकांसमोर आवाज चढले, माझाही. दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं, दिला. आता चार महिने घरी आहे. पहिल्या इंटरव्ह्यूत सगळं सांगितलं, पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्यात ‘चांगल्या संधीसाठी सोडली’ म्हणालो, तर समोरून प्रश्न आला, ‘मग चार महिने घरी कसे?’ तिथेच अडकलो. तिसरा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे. खोटं बोलायचं नाही आणि साहेबांची उणीदुणीही काढायची नाहीत. काय सांगू?

सरळहिशोब
भाऊ, एवढा विचार कशाला? ‘ग्रोथ नव्हती’ म्हण आणि मोकळा हो. सगळे तेच म्हणतात, विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. पीएफच्या रेकॉर्डवर फक्त रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, भांडण दिसत नाही. चार महिन्यांचं विचारलं तर घरी आजारपण होतं म्हण. कोण तपासतंय?

जुना एचआर
पीएफचं बरोबर आहे. तिथे राजीनामा असो की काढून टाकलेलं असो, नोंद साधारण एकाच ठोकळ कारणाखाली जाते, भांडणाला रकाना नाही. बाकीचं मात्र पटलं नाही. मी सव्वीस वर्षं प्लांट एचआरमध्ये काढली. पडताळणी करणारे पीएफ बघून थांबत नाहीत. जुन्या कंपनीच्या एचआरला मेल जातो आणि त्यात तारखा, हुद्दा यांच्यासोबत बऱ्याचदा दोन प्रश्न असतात: सोडण्याचं कारण काय, आणि या माणसाला परत घ्याल का. तिथून ‘राजीनामा देण्यास सांगितले’ असं उत्तर आलं आणि तुमच्या फॉर्मवर ‘ग्रोथ’ असेल, तर ऑफर अडकते ती भांडणामुळे नाही, दोन कागद जुळले नाहीत म्हणून. आणि घरचं आजारपण खोटं सांगू नका. रुजू झाल्यावर कुणीतरी आपुलकीने विचारतं, ‘आता बरं आहे ना?’ मग तेही वर्षानुवर्षं सांभाळत बसायचं.

बोअरगेज, आधी एक सांगा. राजीनाम्याच्या मेलमध्ये काय लिहिलं आहे?

बोअरगेज
काका, तिथेच घोळ आहे. रागात दीड पान लिहिलं. साहेबांचं नाव, ‘खोटे रिपोर्ट’ हा शब्द, सगळं. प्लांट हेडला कॉपी.

जुना एचआर
मग तुमच्यापुढे ‘ग्रोथ’चा रस्ताच उरला नाही. ती मेल तुमच्या फाइलमध्ये आहे. आता जे बोलाल ते त्या मेलशी विसंगत नको आणि तिच्याइतकं तिखटही नको. मी असा मसुदा करेन:

‘सहा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. मार्चमध्ये एका रिपोर्टवर सही करण्यावरून माझं आणि वरिष्ठांचं जमलं नाही. ते मी शांतपणे मांडायला हवं होतं, माझा आवाज चढला. त्यानंतर कंपनीने सुचवलं आणि मी राजीनामा दिला. नोटीस पूर्ण केली नाही, तेवढे पैसे हिशोबातून कापले. रिलीव्हिंग लेटर आहे.’

एवढं बोलून गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. समोरचा दोन सेकंद काही बोलत नाही आणि आपण घाबरून पुढे बोलत सुटतो, निंदा नेमकी तिथे सुरू होते. पहिल्या इंटरव्ह्यूत तुमचं हेच झालं असणार. किती वेळ सांगत होतात?

बोअरगेज
दहा मिनिटं तरी. कँटीनमधला जुना प्रसंगही सांगितला, का ते देव जाणे.

मोजपट्टी
काकांचा मान ठेवून सांगते, हा मसुदा मला चालणार नाही. मी क्वालिटी मॅनेजर आहे, महिन्याला दोन-तीन मुलाखती घेते. ‘वरिष्ठांशी जमलं नाही, माझा आवाज चढला’ एवढंच ऐकलं तर मी कागदावर ‘भांडखोर’ लिहीन. न मोजलेल्या आकड्यांवर सही न करणारा माणूस मला हवाच असतो, आणि ती एकच गोष्ट तुम्ही त्याला झाकायला सांगताय! त्याने म्हणावं, ‘माझ्या सहीने जाणारा आकडा मोजलेला असावा एवढंच माझं म्हणणं होतं. त्या दिवशी ते शक्य नव्हतं, म्हणून मी सही केली नाही.’ यात साहेबांबद्दल एक शब्द नाही.

जुना एचआर
शब्द नसला तरी अर्थ आहे ना ताई. तुम्ही त्यावरून काय ओळखाल? की तिथे न मोजता माल जातो. चाकणच्या पट्ट्यात तुमची कंपनी आणि त्याची जुनी कंपनी एकाच गिऱ्हाइकाला माल देत असतील. उद्या ही गोष्ट त्या गिऱ्हाइकाच्या माणसाच्या कानावर गेली तर? अपॉइंटमेंट लेटरमध्ये गोपनीयतेचं कलम असतं, ते नोकरी सुटली म्हणून संपत नाही.

मोजपट्टी
पार्टचं नाव नको, गिऱ्हाइकाचं नको, लॉट नको, तारीख नको. ते मान्य. ते सांगणारा उमेदवार मलाही नको, कारण उद्या तो आमचंही सांगेल. पण स्वतःचा नियम सांगायला काय हरकत आहे? क्वालिटीत काम केलेल्या प्रत्येकाने गेटवर उभी असलेली गाडी पाहिली आहे. ऐकून मला धक्का बसणार नाही.

ठिणगी
मला हे सगळंच उलटं वाटतंय. चूक साहेबांची आणि शब्द तोलून बोलायचे याने? असे साहेब वर्षानुवर्षं टिकतात ते तुमच्यासारख्या समजूतदार लोकांमुळे. सरळ सांगायचं: खोटे आकडे भरायला सांगितले, नकार दिला, काढलं. खरं आहे तर निंदा कसली?

जुना एचआर
खरं असलं तरी टेबलापलीकडच्याकडे ते तपासायला काही नाही. त्याच्यासमोर एकच बाजू येते. तक्रार करायची तर कंपनीच्या आत रस्ते आहेत, नाहीतर लेबर ऑफिस आहे, वकील आहे. ती मी करायला नको म्हणत नाही. इंटरव्ह्यूमध्ये मात्र न्याय मिळत नाही, तिथे फक्त नोकरी मिळते किंवा मिळत नाही.

ठिणगी
हेच तर म्हणतोय. न्याय कुठेच मिळत नाही.

वाट बघतोय
माझंही असंच झालंय. नोटीस ६० दिवसांची होती, मी २० दिवसांत निघालो. आता कंपनी रिलीव्हिंग लेटर देत नाही आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीखही भरत नाही. नवीन ठिकाणी काय सांगू? साहेब तसे चांगले होते माझे.

जुना एचआर
तुमचा प्रश्न वेगळा आहे. तारीख तुम्हाला स्वतः भरता येते. शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने जाऊ द्या, मग यूएएनच्या मेंबर पोर्टलवर `Mark Exit` मध्ये आधारच्या ओटीपीवर भरा. एकदा भरलेली तारीख बदलणं कटकटीचं असतं, म्हणून शेवटचा दिवस नीट बघून टाका. लेटरसाठी राजीनाम्याची मेल, ती स्वीकारल्याचं उत्तर आणि शेवटच्या पगाराची स्लिप जोडून ठेवा. नवीन ठिकाणी त्यांनी विचारायच्या आधीच तुम्ही सांगा.

मोजपट्टी
बोअरगेज, खरी परीक्षा पहिल्या प्रश्नाची नसतेच. मी मुद्दाम पुढे विचारते, ‘तुमच्या साहेबांना आत्ता फोन लावला तर ते काय सांगतील?’ इथे निम्मे लोक तरी घसरतात. कुणी म्हणतं, ‘ते काय चांगलं सांगणार!’ कुणी अचानक साहेबांचे गोडवे गातं, तेही खोटंच वाटतं. तुमचं उत्तर काय?

बोअरगेज
‘माझं काम चांगलं होतं असं म्हणतील, पण ऐकत नाही असंही म्हणतील.’

मोजपट्टी
उत्तम. यापुढे एक वाक्य जोडा: ‘त्यांच्यावर डिस्पॅचचं ओझं होतं, त्यांची बाजू मला समजते.’

बोअरगेज
ताई, ते जमणार नाही. मला त्यांची बाजू समजत नाही. चार महिने झाले तरी नाही. ते म्हटलं तर खोटंच होईल ना?

जुना एचआर
मग म्हणू नका. ‘गाडी गेटवर उभी होती आणि उशीर झाला की त्यांना उत्तर द्यावं लागतं’ एवढंच म्हणा. ही घडलेली गोष्ट आहे, तुमचं मत नाही. समजूतदारपणाचं नाटक केलं की आवाजात लगेच कळतं.

सरळहिशोब
काका, ‘कंपनीने सुचवलं’ हे आपणहून कशाला सांगायचं? कागदावर राजीनामाच आहे. विचारलं तर बघू.

जुना एचआर
फॉर्मच्या रकान्यात ‘राजीनामा’ लिहायला माझी ना नाही, ते खरंच आहे. पण कुणी ‘तुम्हाला जायला सांगितलं होतं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणता येणार नाही. न सांगणं वेगळं, नाकारणं वेगळं. साधा राजीनामा असता तर आपणहून काढू नका म्हटलं असतं. याच्या बाबतीत ती मेल आहे आणि एचआरचं बोलावणं आहे, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा याच्या तोंडून गेलेलं बरं.

मोजपट्टी
इथे मी काकांशी सहमत. मात्र ‘माझा आवाज चढला’ हे वाक्य मी अजूनही सही न करण्याच्या कारणानंतर टाकेन, आधी नाही. नुसता आवाज ऐकू आला तर स्वभाव दिसतो, कारणानंतर आला तर त्या दिवसाचा ताण दिसतो.

बोअरगेज
दोघांचं मिळून असं केलंय, काल भावासमोर म्हणून बघितलं, चाळीसेक सेकंद लागले:

‘सहा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. माझ्या सहीने जाणारा आकडा मोजलेला असावा असं मी धरून चालतो. मार्चमध्ये एका रिपोर्टवर यावरून वरिष्ठांशी मतभेद झाला आणि मी सही केली नाही. बोलताना माझा आवाज चढला, ते टाळता आलं असतं. नंतर कंपनीने सुचवलं आणि मी राजीनामा दिला. नोटीसचे पैसे कापले गेले, रिलीव्हिंग लेटर सोबत आहे.’

भाऊ म्हणतो बाकी ठीक, पण ‘सुचवलं’वर मी दर वेळी अडखळतो. तसं काही सुचवलं नव्हतं हो, सांगितलंच होतं.

जुना एचआर
‘सुचवलं’च ठेवा. ‘सांगितलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘का’ असा येतो आणि तुम्ही परत कँटीनपाशी पोचता.

मोजपट्टी
मी ‘सांगितलं’ म्हणेन. ज्या शब्दावर माणूस अडखळतो तिथेच मी पुढचा प्रश्न विचारते.