प्रिमरोजच्या कॅप्सूलने सांध्यांची सूज खरंच उतरते का?

चिंचगूळ: सासूबाईंना रुमॅटॉइड संधिवाताचा त्रास आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून इव्हनिंग प्रिमरोज तेलाची १००० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज घेतायत. दुकानदार म्हणाला, यातल्या जीएलएपासून, म्हणजे गॅमा-लिनोलेनिक आम्लापासून, सूज कमी करणारं प्रोस्टाग्लँडिन बनतं. पण जीएलए तर ओमेगा-६ ना? मग सूज वाढायला नको का?

कडूनिंब: तुमची शंका रास्त आहे. ओमेगा-६ कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी अ‍ॅराकिडोनिक आम्लच होतं आणि त्यातून पीजीई२ हे प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणि दुखणं. आपण करडई-सूर्यफुलाचं तेल आधीच भरपूर खातो, त्यात ही भर कशाला?

जवसाची_चटणी: आमच्याकडे रोज जवसाची चटणी असते. लिनोलेनिकच हवं असेल तर एवढ्या महागड्या कॅप्सूल कशाला?

लॅबवाली: जवसातलं अल्फा-लिनोलेनिक, ते ओमेगा-३. नाव सारखं असलं तरी वाट वेगळी. चटणी खाच, पण जीएलए त्यातून मिळणार नाही.

कडूनिंब, तुमचं अर्धं बरोबर आहे. करडईतल्या लिनोलेइक या ओमेगा-६पासून शरीर जीएलए बनवतं, पण ते काम करणारं डेल्टा-६ हे एन्झाइम फार सुस्त. प्रिमरोज किंवा बोरेजचं तेल घेतलं की ही पायरी ओलांडून आयतं जीएलए मिळतं. त्याला दोन कार्बन जोडले गेले की डीजीएलए, आणि हे पटकन होतं. खरी मेख इथून पुढे आहे, कारण डीजीएलएसमोर तीन वाटा असतात. सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमने धरलं तर पीजीई१, दुकानदाराने सांगितलेलं सूज कमी करणारं प्रोस्टाग्लँडिन. १५-लायपॉक्सिजनेजने धरलं तर असा पदार्थ, जो ल्यूकोट्राइन बी४ बनू देत नाही. पांढऱ्या पेशींना सांध्यात बोलावून घेतं ते हे ल्यूकोट्राइनच. आणि डेल्टा-५ या एन्झाइमने धरलं तर तुमचं अ‍ॅराकिडोनिक.

पण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत डेल्टा-५ जवळपास नसतंच. त्यामुळे त्यांच्यात डीजीएलए साठून राहतं.

कडूनिंब: आणि यकृतात? तिथे तर डेल्टा-५ आहे.

लॅबवाली: आहे ना. म्हणूनच नुसतं जीएलए दिलेल्या लोकांच्या रक्तात अ‍ॅराकिडोनिक वाढलेलं सापडलंय. सोबत माशाच्या तेलातलं ईपीए हे ओमेगा-३ दिलं तर ती वाढ रोखली जाते, कारण ईपीए डेल्टा-५ला अडवतं.

सोनचाफा: मला डॉक्टरांनी पाळीआधी छाती दुखायची म्हणून प्रिमरोज दिलं होतं. तीनेक महिन्यांनी फरक पडला. त्यामुळे उपयोग होतो हे मी तरी सांगू शकते.

खडूस_काका: असं दुखणं बऱ्याचदा आपोआपही थांबतं, ताई. एक्झिमासाठी या तेलाची कॅप्सूल ब्रिटनमध्ये औषध म्हणून मंजूर होती. २००२ मध्ये गुण येत असल्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून तो परवाना काढून घेतला. आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कोक्रेन आढाव्यातही प्रिमरोज आणि बोरेज, दोन्ही एक्झिमात औषध नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलपेक्षा सरस ठरली नाहीत. कागदावरची साखळी देखणी आहे, त्वचेला मात्र ती पटलेली दिसत नाही.

लॅबवाली: एक्झिमाबद्दल मान्य. पण प्रश्न रुमॅटॉइडचा आहे, आणि तिथे मात्रा बघा. १९९३ च्या चाचणीत ३७ रुग्ण होते. बोरेज तेलातून रोज १.४ ग्रॅम जीएलए, तेही २४ आठवडे, आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या कमी झाली. चाचणी लहान आहे, हे खरं. आता सासूबाईंची कॅप्सूल: प्रिमरोज तेलात जीएलए साधारण ९ टक्के, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ९० मिलिग्रॅम. १.४ ग्रॅम गाठायला रोज सोळा लागतील. बोरेजमध्ये २० टक्क्यांच्या आसपास असतं, तिथे सात. एका कॅप्सूलने गुण आला नाही तर त्यावरून तेलाबद्दल काहीच ठरत नाही.

चिंचगूळ: बाप रे, सोळा! आणि त्या दुखण्याच्या गोळ्याही रोज घेतात.

खडूस_काका: झालं! ती गोळी सायक्लोऑक्सिजनेजच बंद करते. मग दुकानदाराचं पीजीई१ बनणार कुठून?

लॅबवाली: ती वाट बरीचशी बंद होते, खरंय. ल्यूकोट्राइनवाली उघडी राहते. माझ्या मते सांध्यात तीच जास्त महत्त्वाची असावी, पीजीई१चं कौतुक जरा जास्तच झालंय.

कडूनिंब: पुण्यातला २०१६ चा अभ्यासही बघा. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्यांत अ‍ॅराकिडोनिक झपाट्याने बनवणारा जनुकप्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळालेले ६८ टक्के निघाले, अमेरिकेतल्या गटात १८. आपल्या लोकांत जीएलए तिसऱ्या वाटेलाच जास्त लागत असेल तर?

लॅबवाली: शक्य आहे. त्या जनुकप्रकारानुसार गट पाडून रुमॅटॉइडच्या रुग्णांना जीएलए दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चिंचगूळ, मात्रा वाढवायची तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. आणि बोरेज घेतलंत तर पायरोलिझिडिन अल्कलॉइड काढलेलं आहे असं लेबलवर लिहिलेलं हवं. ती यकृताला घातक असतात.

खडूस_काका: आणि संधिवाताची मूळ औषधं बंद करू नका म्हणावं.