मदत हवी आहे: सहसंबंध गुणांक २.४ आला!

X आणि Y दोन्हींच्या किमती ० किंवा १. संयुक्त संभाव्यता कोष्टकात (०,०) आणि (१,१) या घरांत प्रत्येकी ०.४, उरलेल्या दोन घरांत ०.१. E[XY] साठी फक्त (१,१) चं घर उरतं, म्हणजे ०.४. ओळी-स्तंभांच्या बेरजांवरून दोन्ही सरासरी ०.५, म्हणून सहप्रचरण ०.४ − ०.२५ = ०.१५. इथवर ठीक वाटतंय.

दोन्हींचं प्रचरण ०.२५. त्यांच्या गुणाकाराने, ०.०६२५ ने, भागलं तर २.४! गुणांक १ च्या वर जाऊच शकत नाही ना? गंमत म्हणजे X च्या किमती ० आणि १० केल्या तर ०.२४ येतो, एकक बदलून तो बदलायला नको. वर्गमूळ राहिलं का? ०.१५ ला ०.२५ ने भागून ०.६ बरोबर का?