मदत हवी आहे : कळ थांबली, सोनोग्राफीत खडा नाही, तरी लघवी लाल का?

कोथरूडकर
काल पहाटे तीनच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाच्या कुशीत अचानक अशी कळ आली, की त्याला ना बसवत होते, ना आडवे पडवत होते. पलंगाची कड धरून तो घामाघूम उभा होता. पुढे ती कळ जांघेपर्यंत उतरली आणि लघवी कोकमाच्या पाण्यासारखी लाल झाली. रुग्णालयात इंजेक्शन दिल्यावर दुखणे थांबले. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, मूत्रपिंडाला किंचित सूज आहे एवढेच लिहिले आहे. खडा पडून गेला असे समजावे का? तो आज दुपारीच कामावर जायचे म्हणतो, म्हणून लवकर सांगावे.

बाणेरचा_मधू
माझा चार मिलिमीटरचा मुतखडा कुळथाच्या कढणाने आठवड्यात पडला. त्याला कढण द्या आणि दिवसाला सहा लिटर पाणी पाजा. खडा वाहून जाईल.

स्वाती_ना
माझ्या आईला उन्हाळी लागली होती, तेव्हा धने-जिऱ्याच्या पाण्याने बरे वाटले.

शुश्रूषा
मी मूत्ररोग विभागात परिचारिका आहे. भावाचे वय किती, बाजू कोणती, थंडी वाजून ताप आला का, आणि लघवीला वारंवार जावे लागते का, हे आधी कळवा.

कोथरूडकर
वय ३४, डावी बाजू, ताप नाही. सकाळपासून मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी जातो आणि चार थेंब होतात. त्याचा याच्याशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

शुश्रूषा
संबंध आहे. मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे ती फार अरुंद असते आणि खडा तिथे अडकला की अशीच घाई होते. खडा टोचतो म्हणून एवढी कळ येत नाही. तो वाट अडवतो, मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते आणि नळी खडा पुढे ढकलण्यासाठी आवळत राहते. रक्त येते ते आतले अस्तर खरवडल्यामुळे. इंजेक्शनाने तो ताण आणि सूज कमी होते, म्हणून कळ थांबली याचा अर्थ खडा पडला असा होत नाही. आतड्यातल्या वायूमुळे मूत्रवाहिनीतला खडा सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही; उलट तुम्ही लिहिलेली ती सूजच वाट अजून अडलेली असण्याची खूण आहे. डॉक्टरांना विचारून रंगद्रव्याशिवायचा सीटी स्कॅन करून घ्यावा. मधू, वाट अडलेली असताना भरमसाट पाणी पाजल्याने खडा सुटत नाही, कळ मात्र वाढू शकते.

बाणेरचा_मधू
म्हणजे माझा अनुभव खोटा?

शुश्रूषा
नाही. पण पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, त्यामुळे श्रेय कढणाचे की काळाचे, हे एका अनुभवावरून सांगता येत नाही. कोथरूडकर, थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका; तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतते.

कोथरूडकर
सीटीसाठी पाचची वेळ मिळाली आहे आणि त्याने रजा टाकली आहे. लघवी गाळण्यासाठी आईने चहाची जुनी गाळणी काढून दिली. अजून तिच्यात काही सापडलेले नाही.