दादांना आधी एकट्यात लिहावं की थेट ग्रुपवर बोलावं?

गडवाट
आमचा कोल्हापुरातला रविवारचा ट्रेक ग्रुप आहे. ५८ जण, त्यात बायका चौघीच. अ‍ॅडमिन मी. शनिवारी रात्री कोण कुणाच्या गाडीवर बसणार ते व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरतं. एक ज्येष्ठ दादा, पुढच्या पावनखिंडीच्या ट्रेकच्या गाड्यांचं काम त्यांच्याकडंच आहे, नव्या ताईंवरून दोन शनिवार विनोद करतायत. आधी "ताईंसाठी चिठ्ठ्या टाका", मग "माझी मागची सीट मऊ आहे". त्यावर हसण्याच्या इमोजी पडल्या. काल ताईंनी मला लिहिलं, "मोठं करू नका, पण मी या रविवारी येत नाही." ग्रुपवर काही करण्याआधी दादांना खाजगीत लिहावं म्हणतोय. मसुदा असा: "नमस्कार दादा 🙏 राग मानू नका. काही सदस्यांना तुमचे जोक खटकतात असं कानावर आलं. तुमचा हेतू तसा नसतो हे माहीत आहे. जरा सांभाळून घ्या 😊" हे बरोबर आहे का?

तालमीतला गडी
न्हाई. ग्रुपवर बोल. चिठ्ठ्या टाका म्हणताना त्यांनी ५८ जणांसमोर म्हटलं ना? मग थांबवायचं तेवढं गुपचूप कशापायी? तुझं खाजगी बोलणं त्या ताईला दिसणारच न्हाई. तिला एवढंच दिसणार की सगळे हसले आणि अ‍ॅडमिन गप्प बसला. आमच्या तालमीत नव्या पोराला कुणी वंगाळ बोललं तर वस्ताद तिथंच, हौद्यातच थांबवायचे. मागनं बोलवून न्हाई. बाकीच्या पोरांनाबी कळायचं की हितं असलं चालत न्हाई.

पंचगंगेकाठची
मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात वीस वर्षं काम केलं. अंतर्गत तक्रार समितीवरही होते. आधी खाजगीत लिहायचं हे तुमचं ठरवणं मला पटतं, पण हा मसुदा पाठवू नका. यातल्या प्रत्येक वाक्यानं ताईंचं नुकसान होईल.

"काही सदस्यांना" असं वाचलं की माणूस पहिलं काम शोधण्याचं करतो. तुमच्याकडे बायका चार. त्या रविवारी कोण आलं नाही ते त्यांना दिसणारच, म्हणजे संध्याकाळपर्यंत नाव निघालं. "कानावर आलं" म्हटल्यावर ती चहाडी झाली, आणि चहाडी कुणी केली हे विचारायचा हक्क त्यांना वाटणार. "तुमचा हेतू तसा नसतो" हे लिहून तुम्ही त्यांचं उत्तर त्यांच्या हातात ठेवलंत. "हेतू नव्हता" म्हणतील आणि विषय मिटला. आणि "सांभाळून घ्या" म्हणजे नेमकं काय थांबवायचं? आणखी तीन शनिवारांनी ते खरंच विचारतील, मी यात काय चुकीचं बोललो?

ते दोन्ही मेसेज तुम्ही स्वतः वाचलेत ना? मग तक्रारीचा आधार कशाला हवा? जे तुम्ही पाहिलं त्यावर तुमच्या नावानं लिहा. ताईंचा उल्लेखही लागत नाही.

कायदेशीर बोलू
एवढं कशाला लिहीत बसता? ग्रुपवर अश्लील काही आलं तर गुन्हा अ‍ॅडमिनवर दाखल होतो. दोन्ही मेसेज अ‍ॅडमिन म्हणून डिलीट करा, दादांना काढा, मोकळे व्हा. उद्या पोलीस तुम्हालाच विचारतील.

कसबा बावड्याचा वकील
हे अर्धंच खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली स्पष्ट सांगितलं आहे की सदस्यानं आक्षेपार्ह लिहिलं म्हणून, दोघांचा समान हेतू किंवा संगनमत दिसत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्ह्यात धरता येत नाही. ते प्रकरणही एका सदस्यानं ग्रुपमधल्या बाईबद्दल वाईट बोलण्याचंच होतं. तेव्हा भीतीपोटी कुणाला काढू नका. काढायचंच झालं तर वागणं पाहून काढा.

डिलीटचंही तसंच. अ‍ॅडमिननं दुसऱ्याचा मेसेज काढला की तो अ‍ॅडमिननं काढल्याची ओळ सगळ्यांना दिसते. म्हणजे तीही जाहीर कारवाईच झाली, फक्त कारण न सांगता केलेली. शिवाय पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.

आणि ताईंचा हक्क वेगळा आहे. बाईवर लैंगिक शेरेबाजी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. हे दोन मेसेज त्यात बसतील की नाही यावर वाद होऊ शकतो, पण तक्रार करायची की नाही हे ताई ठरवतील. अ‍ॅडमिननं परस्पर "मिटवलं" म्हणू नये.

पावसाळी भटक्या
आमच्या ग्रुपवर पण जोक आणि गुड मॉर्निंगचा इतका पूर यायचा की ट्रेकची वेळ सापडायची नाही. शेवटी फक्त अ‍ॅडमिनच लिहील असं सेटिंग केलं. दोन मिनिटांत शांतता.

गडवाट
भाऊ, पुराचा प्रश्न नाही. एका माणसावर होणाऱ्या विनोदांचा आहे. आणि तसं सेटिंग केलं तर शनिवारी गाड्या कशा ठरवायच्या?

नाव नको
माझा अनुभव सांगते, कारण यात मी त्या ताईंच्या जागी होते. गाव आणि ग्रुप दुसरा. मी फोटोत जाड दिसते यावर एक जण रोज काहीतरी लिहायचा. मी अ‍ॅडमिनना सांगितलं. त्यांनी त्याला खाजगीत समज दिली, हे मला चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं. तोवर मी ग्रुप सोडला होता, कारण मला कुणी काही बोललंच नाही. तीन आठवडे मी रोज ग्रुप उघडून बघायचे की कुणी काही म्हणतंय का.

त्याहून वाईट म्हणजे त्यानं मला फोन केला. "ताई, तुम्हाला वाईट वाटलं का, मी तर बहिणीसारखं बोलतो." अर्धा तास मीच त्याची समजूत काढत होते. अ‍ॅडमिननी त्याला "माफी मागून टाक" म्हटलं होतं म्हणे. मला माफी नको होती. विनोद थांबायला हवे होते. म्हणून मी तालमीतल्या दादांच्या बाजूनं आहे. एकट्यात केलेलं बोलणं जिच्यासाठी केलं तिच्यापर्यंत पोचत नाही.

पंचगंगेकाठची
तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी आधी ताईंना कळवण्याबद्दल लिहिलंच नाही, ते पहिलं असायला हवं होतं. कामाच्या ठिकाणी लागू असलेल्या २०१३ च्या कायद्यातही समेटाचा मार्ग आहे, पण तो तक्रारदार बाईनं स्वतः मागितला तरच. समितीनं आपल्या मनानं सुचवायचा नाही. ट्रेक ग्रुपला तो कायदा लागू नाही, पण क्रम तोच ठेवावा. आधी ताईंना विचारा, "मी दादांना माझ्या नावानं लिहू का, की ग्रुपवर बोलू?" त्या "मोठं करू नका" म्हणाल्यात. तेव्हा तालमीतले भाऊ, ग्रुपवर बोललो तर आपल्याला बरं वाटेल, पण त्या चौघींतली ती कोण यावर रविवारी गाडीतळावर चर्चा होईल.

त्यांनी हो म्हटलं तर मी असं लिहीन:

"दादा, गेल्या दोन शनिवारी गाड्या ठरवताना तुम्ही 'चिठ्ठ्या टाका' आणि 'माझी मागची सीट मऊ आहे' असं लिहिलंत. मी दोन्ही वाचले. तेव्हाच थांबवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. बाई कुणाच्या गाडीवर बसते, कशी दिसते यावर ग्रुपवर विनोद नकोत, आजपासून. पुन्हा आला तर मी तो काढीन आणि का काढला ते ग्रुपवर लिहीन. याबद्दल दुसऱ्या कुणाला विचारू नका, फोन करू नका. बोलायचं असेल तर मला करा. पावनखिंडीच्या गाड्यांचं काम तुमच्याकडंच आहे."

इमोजी नको, "राग मानू नका" नको. शनिवारी रात्री पाठवू नका, सगळे ऑनलाइन असतात आणि माणूस तिथंच उसळतो. मंगळवार-बुधवारी दुपारी पाठवा. आणि याचा स्क्रीनशॉट ते ग्रुपवर टाकतील असं धरूनच प्रत्येक शब्द लिहा. तो टाकला तर तुम्हाला खाली मान घालावी लागू नये.

तालमीतला गडी
हे लिहिणं चांगलं आहे, मावशी. माझा राग कमी झाला, पण गेला न्हाई. इमोजी टाकणाऱ्यांचं काय? दादा एकटे बोलले, हसले बाकीचे. त्यांना कोण लिहिणार? आणि "पावनखिंडीचं काम तुमच्याकडंच" हे काढा. ज्यानं चूक केली त्याला मान कशाला?

पंचगंगेकाठची
ते वाक्य मी ठेवीन. बाहेर काढत नाही आहोत हे कळलं नाही तर माणूस जागा वाचवायला भांडतो. हसणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. लगेच सगळ्यांसाठी नियम लिहिला तर तो दादांकडे आणि ताईंकडे बोट दाखवतो. दोनतीन आठवडे जाऊ द्या म्हणेन. तोवर निमित्तच काढून टाका. शनिवारी कोण कुणामागं हे ग्रुपवर विचारू नका. चालकांनी तुम्हाला कळवायचं, जोड्या तुम्ही लावायच्या आणि यादी टाकायची.

एक मर्यादाही सांगते. दादा ताईंना वेगळे मेसेज करत असतील, रात्री फोन करत असतील, तर यातलं काहीही लागू नाही. ते आधी ताईंना नीट विचारून घ्या.

गडवाट
ताईंना विचारलं. वेगळे मेसेज, फोन काही नाहीत. "तुमच्या नावानं लिहा, ग्रुपवर नको" म्हणाल्या. बुधवारी दुपारी पाठवलं, पावनखिंडीचं वाक्य ठेवून.

निळ्या टिका लगेच आल्या. दोन तासांनी उत्तर: "कोण बोललं तुला?" मी लिहिलं, "मी वाचलं, मीच लिहितोय." मग फोन आला. पहिली दहा मिनिटं ते मोठ्यानं बोलत होते, कोल्हापुरात एवढी चेष्टा चालतेच, वीस वर्षं मी अशीच करतोय. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या लेकीला शनिवारी रात्री ५८ जणांत कुणी असं विचारलं असतं तर? ते गप्प झाले. शेवटी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पटलं की नाही, माहीत नाही.

ताईंना त्याच संध्याकाळी कळवलं, काय लिहिलं ते शब्दशः. त्या म्हणाल्या, "या रविवारी नाही, पुढच्या रविवारचं बघते."

नाव नको
लेकीचं उदाहरण द्यायला नको होतं. ती कुणाची लेक नसती तरी ते चुकीचंच होतं. पण तुम्ही त्यांना कळवलंत, ते बरं केलंत. मला तेवढंच हवं होतं.

तालमीतला गडी
आणि इमोजीवाले?

गडवाट
मोजले, अकरा जण आहेत. त्यात एक इमोजी माझी आहे, पहिल्या शनिवारची. ती मी आज काढली आणि ताईंना तसं सांगितलं. उरलेल्या दहांचं अजून ठरत नाही.