ब्लॉक्ड हे स्टेटस नको
> जिरामध्ये नवा प्रोजेक्ट उघडलाय. टू डू, इन प्रोग्रेस, ब्लॉक्ड, रिव्ह्यू, टेस्टिंग, डन अशी स्टेटस ठेवतोय. काही बदलू का?

ब्लॉक्ड काढा, बाकी राहू द्या. काम कुठल्या टप्प्यावर आहे हे स्टेटस सांगतं, आणि अडणं तर कुठल्याही टप्प्यावर होतं. समजा, पासवर्ड रीसेटचं तिकीट टेस्टिंगमध्ये आहे आणि ईमेल सर्व्हरचा अ‍ॅक्सेस मिळत नाही म्हणून कुणीतरी ते ब्लॉक्डमध्ये सरकवलं. अ‍ॅक्सेस आल्यावर ते परत कुठे न्यायचं? रिव्ह्यू झाला होता का, हे बोर्डवर दिसत नाही, हिस्टरी उघडावी लागते. त्याऐवजी कार्ड जागेवरच ठेवून त्याला फ्लॅग लावा आणि कशासाठी थांबलंय ते कमेंटमध्ये लिहा. टेस्टिंगच्या कॉलममध्ये फ्लॅगवाली कार्डं साचली की अडचण नेमकी कुठे आहे तेही लगेच दिसतं.

स्टेटसबरोबर तिकिटावरच्या फील्डपैकी सध्या एकाचंच बघा: रिझोल्यूशन, म्हणजे काम कसं संपलं ते सांगणारं फील्ड. कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये स्वतःचा वर्कफ्लो बनवलात, तर तिकीट डनमध्ये गेल्यावर हे फील्ड आपोआप भरेलच असं नाही. ते रिकामं राहिलं की पूर्ण झालेलं काम फिल्टरमध्ये अनरिझॉल्व्ड म्हणून येत राहतं. म्हणून डनकडे जाणाऱ्या ट्रान्झिशनवर, ती होताच आपोआप चालणारं पोस्ट फंक्शन लावून ते भरा. तिकीट पुन्हा उघडणाऱ्या ट्रान्झिशनवर ते रिकामं करायलाही विसरू नका, नाहीतर उलटा घोळ होतो आणि चालू काम संपल्यासारखं दिसतं. दोन-चार तिकिटं फिरवून झाली की KEY च्या जागी तुमच्या प्रोजेक्टची की घालून हे जिराच्या सर्चमध्ये चालवून बघा, एकही ओळ यायला नको:

```
project = KEY AND status = Done AND resolution IS EMPTY
```